सांत्वनाला गेल्यावर काय बोलायचं आणि निघताना काय म्हणायचं

प्रश्न : "ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील गुरुवारी वारले. मातीला जाता आलं नाही. रविवारी आम्ही तिघं तासगावजवळ त्याच्या गावी जाणार आहोत. मी मुंबईत वाढले, गावाकडच्या रीती माहीत नाहीत. गेल्यावर नमस्कार करायचा का, त्याच्या आईला काय म्हणायचं, निघताना काय बोलायचं? तोंडातून काही भलतंच जाईल अशी भीती वाटते."

रविवार बरा आहे. गुरुवार धरून मोजलं तर शनिवारी तिसरा दिवस, म्हणजे सावडणं झालेलं असेल. दहावा पुढच्या शनिवारी येईल. मधल्या दिवसांत घरातली माणसं बसूनच असतात आणि भेटायला येणाऱ्यांची ये-जा चालू असते. तरी निघण्याआधी त्याच्या चुलतभावाला किंवा गावातल्या मित्राला एक फोन करा, त्याला स्वतःला नको. काही घरांत ठरावीक वारी भेटायला आलेलं चालत नाही, आणि हे घरचा माणूस तोंडावर कधीच सांगणार नाही. वेळ सकाळी 10 ते 12 किंवा दुपारी 4 नंतरची ठेवा. जेवणाच्या वेळी पोचलात तर भावकीतून आलेल्या भाकऱ्या तुम्हाला वाढायची धावपळ त्यांना करावी लागते. दिवेलागणीलाही नको.

आता मुख्य गोष्ट. अशा घरी दारात नमस्कार, राम राम, "कसे आहात" यातलं काही म्हणत नाहीत. घरचेही "या, बसा" म्हणत नाहीत. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि कुणी स्वागत केलं नाही तर अवघडून जाऊ नका, कुणी तुमच्यावर रागावलेलं नसतं. "या" हा शब्दच त्या दिवसांत टाळतात. चपला बाहेर काढायच्या, सोप्यात माणसं बसलेली असतील तिकडे एकदा नजर टाकायची, फोटोपुढे किंवा जिथे दिवा लावून ठेवलेला असेल तिथे जाऊन उभ्यानेच हात जोडायचे आणि खाली मान घालून क्षणभर थांबायचं. तुमचा नमस्कार तो एवढाच. दिवा विझू नये म्हणून घरातलं कुणीतरी सतत लक्ष ठेवून असतं, त्यामुळे ओढणी-पदर सांभाळून त्याच्याजवळून जा. कुणाच्याही पाया पडू नका. सुतकात पाया पडत नाहीत, म्हणून थोरल्या माणसासमोर हात जोडले की पुरे.

नंतर सहकाऱ्याकडे. विधी तोच करत असेल तर त्याचं मुंडण झालेलं असू शकतं, अंगावर पंचा असेल, आणि काही घरांत दहाव्यापर्यंत त्याला कुणी शिवत नाही. तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही, म्हणून तुम्ही होऊन हात धरायला किंवा मिठी मारायला जाऊ नका. हात जोडा, त्याच्याकडे बघा, समोर खाली बसा. त्याने हात पुढे केला तर दोन्ही हातांत धरा. बोलायचं असेल तर "कळलं, फार वाईट वाटलं" एवढं बास. काही सुचलंच नाही तर नुसतं त्याचं नाव घ्या आणि बसा. तुम्ही तिघं आहात, तर तिघांनी एकेक वाक्य म्हणायचं नाही. एकाने बोलावं, बाकीच्यांनी बसावं. तीन सहकाऱ्यांनी ओळीने "फार वाईट वाटलं" म्हटलं की प्रत्येकाला त्याला मान हलवावी लागते.

सोप्यात बसल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. प्रत्येक नवा माणूस आला की कुणीतरी हळूच विचारतं, "कसं काय झालं?" आणि घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगायला लागतं : बुधवारी रात्री जेवले, पहाटे छातीत दुखायला लागलं, गाडी कुणाची आणली, दवाखान्यात कितीला पोचले. ऐकणाऱ्याला हे कोरडं वाटेल, पण सांगणाऱ्याचा जीव त्याने जरा हलका होतो, आणि गावाकडे भेटीचा निम्मा वेळ यातच जातो. तुम्ही असताना ते सांगणं सुरू झालं तर नुसतं ऐका. कुणी विचारलं नसेल तर तुम्हीही विचारू नका, आणि आईला तर मुळीच नको. ऐकताना मधे डॉक्टरी काढायची नाही. "आधी इसीजी काढला होता का", "सांगलीला न्यायला हवं होतं" हे वाक्य तुमच्या दृष्टीने माहितीचं असेल, मुलाच्या डोक्यात मात्र ते वर्षभर फिरत राहतं, कारण तो स्वतःला तेच विचारत असतो.

दुसरा धोका जरा फसवा आहे. वडील वयस्क असतील, अंथरुणावर असतील, तर घरातलीच बाई म्हणेल, "सुटले बिचारे" किंवा "सोनं झालं त्यांचं". हे म्हणायचा हक्क ज्यांनी अंगावर सेवा केली त्यांचा. बाहेरच्याने ते पहिल्यांदा म्हणायचं नसतं आणि कुणी म्हटल्यावर "हो, बरंच झालं" अशी री ओढायची नसते. "हं" म्हणा, मान हलवा. "वय झालंच होतं", "देवापुढे कुणाचं चालतं" हेही त्याच माळेतलं. त्याच्या पाठीवर थाप मारून "आता तूच घरचा कर्ता, आईला तूच सांभाळायचं" असं म्हणणारे दहाजण आधीच येऊन गेलेले असतात, अकरावे तुम्ही होऊ नका. "एक्सपायर झाले" हा शब्द ऑफिसात चालतो, तिथे कानाला लागतो. "गेले" म्हणा. आणि वडिलांना घरात आण्णा म्हणत असतील तर "आण्णा" म्हणा, "तुझे फादर" नको. काय म्हणत होते ते आधी त्या चुलतभावाच्या फोनवर विचारून घ्या.

आई आत बायकांत असतील, माजघरात. तिथे तुम्ही एकट्या जा, बरोबरचे पुरुष सोप्यातच बसू देत. आत गेल्यावर उभ्याने बोलू नका. जवळ जाऊन त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसा, म्हणजे त्यांना मान वर करावी लागत नाही. त्यांनी तुम्हाला कधी बघितलेलं नसतं, म्हणून आधी ओळख सांगा, हळू आवाजात : "काकू, मी तुमच्या मुलाबरोबर ऑफिसात असते." मग थांबा. त्या हात धरतील, रडतील किंवा नुसत्या बघत राहतील. नवं बाईमाणूस आलं की आतल्या बायकांना पुन्हा रडू फुटतं, आवाज मोठा होतो, ते तुमच्यामुळे नाही. "रडू नका" म्हणू नका. पाठीवर हात ठेवून बसा, पाणी दुसरं कुणीतरी आणतं. आवाज उतरला की जमल्यास एकच वाक्य, आणि ते त्यांच्या माणसाबद्दलचं असावं : "आण्णांचं नाव तो ऑफिसात रोज काढायचा." खरं असेल तरच. ओढूनताणून केलेलं कौतुक आईला लगेच कळतं.

चहा आला तर घ्या. तो बहुतेक शेजारच्या घरातून आलेला असतो, आणि "नको, नको, कशाला" असा घोळ घातला की आणणारीला उभं राहावं लागतं. अर्धा कप घेऊन कप खाली ठेवा. नाही आला तर वाट बघू नका. बरोबर काही न्यायची गरज नाही. फुलांचा गुच्छ तर नकोच, मिठाईही नको. टॉवेल-टोपी, साडी हा दुखवट्याचा मान पाहुण्यांचा आहे, सहकाऱ्यांचा नाही. कपडे साधे आणि फिके, अत्तर नको, गजरा नको. फोन गाडीतच ठेवला तर उत्तम, कारण सायलेंटवरचा फोनही सगळे गप्प असताना घुं घुं करतोच.

एकूण 15-20 मिनिटं झाली की उठायचं. निघताना "येतो", "येते" म्हणायचं नाही. एरवी "जातो" म्हणणं अशुभ म्हणून आपण "येतो" म्हणतो, पण या घरी "येतो" म्हणजे अशाच कारणाने पुन्हा येतो असा अर्थ निघतो. म्हणून बहुतेक माणसं काहीच न बोलता हात जोडून उठतात. अगदीच सवय असेल तर सहकाऱ्याकडे बघून मान हलवा. घरचे दारापर्यंत पोचवायला येत नाहीत, "परत या" म्हणत नाहीत, आणि एरवी बाईला निघताना कुंकू लावतात तेही इथे नाही. त्यासाठी दारात रेंगाळू नका. "काही लागलं तर सांग" यापेक्षा उठण्याआधी एकच ठोस गोष्ट सांगा : "तुझ्या टेबलावरची महिनाअखेरीची कामं आम्ही वाटून घेतली आहेत, रजेची काळजी करू नकोस." हे एकदाच सांगायचं, हळू, आणि त्याने उत्तर दिलंच पाहिजे अशी अपेक्षा न धरता.

तिथून दुसऱ्या कुणाच्या घरी चहाला डोकावू नका. जवळ ओळखीचं घर असलं तरी ही गोष्ट गावात लोक पाळतात, आणि ज्यांच्या घरी जाल त्यांनाही अवघड होतं. थेट परत या. घरी आल्यावर हात-पाय धुणं किंवा अंघोळ ज्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे.

ही सगळी रीत हिंदू शेतकरी घराची धरून सांगितली. घर लिंगायत असेल तर दफन असतं, सावडणं नसतं, दिवसांचा हिशेबही वेगळा असू शकतो, म्हणून चुलतभावाला विचारताना तेही विचारून घ्या. घर सांगली शहरात फ्लॅटमध्ये असेल तर भेटायची वेळ बऱ्याचदा मेसेजवर दिलेली असते, तेवढीच पाळा.

आज रात्री त्याला मेसेज करायचा असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली असेल, तिथे आणखी एक टाकू नका. त्याला एकट्याला लिहा : "आण्णांचं कळलं. रविवारी आम्ही तिघं घरी येतोय. फोन उचलायची किंवा उत्तर द्यायची गरज नाही." मेसेजमध्ये "येतोय" चालतं, कारण अजून भेट झालेली नाही. निघतानाचा "येतो" तेवढा टाळायचा.

तो कामावर परत येईल तेव्हा पहिल्या दिवशी पंधरा जण त्याला टेबलाशी गाठून तीच हकीकत पुन्हा विचारतील. तुम्ही तिघं भेटून आलेले असाल, तर त्यांना बाजूला घेऊन सांगून टाका, म्हणजे त्याला ती पंधरावेळा सांगावी लागणार नाही.