ती तीन पानं आधी काढ

ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिकल वॉर्डात न्यूमोनियाच्या एका आजोबांवर केअर स्टडी करत होते. 10 आणि 11 तारखेला सगळं नीट झालं. मग ताप आला, 12 ते 14 झोपून होते. 15 ला गेले तर आजोबांना डिस्चार्ज मिळालेला. मैत्रिणीने मधल्या दिवसांच्या टीपीआर चार्टचे फोटो पाठवले होते, त्यावरून नोट्स भरल्यात. आता ड्रग स्टडी आणि फेअर लिहिणं राहिलंय. 18 ला सबमिशन, वॉर्डची पोस्टिंग 20 पर्यंत. मॅडम फार कडक आहेत. चार दिवस वाढवून मागायचेत. पत्र कसं लिहू म्हणजे त्या चिडणार नाहीत?

---

मॅडमच्या रागाचं नंतर बघू. 'त्यावरून नोट्स भरल्यात' हे तू किती सहज लिहून गेलीस! पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तेवढंच आहे, आणि त्याबद्दल तू मला काही विचारलेलंच नाहीस.

केस पेपरवरून माहिती घेणं चुकीचं नाही. 'केस पेपरवरून' असं शेजारी लिहिलं की झालं. पण तुझ्या प्लॅनमध्ये पहिलं निदान चिकट कफामुळे श्वासमार्ग मोकळा न राहण्याचं असणार. त्यापुढे तू लिहिलं असशील : पाठ उंच करून बसवलं, ठरावीक वेळाने कूस बदलली, खोल श्वास घेऊन खोकायला शिकवलं. 12 ते 14 मध्ये हे कोणी केलं? तू तर अंथरुणात होतीस.

शेवटचा इव्हॅल्युएशनचा रकाना तर त्याहून अवघड. चार्ट फार तर सांगेल की श्वासाची गती मिनिटाला 28 होती ती 20 वर आली. कफ पातळ झाला का, छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर घरघर कमी ऐकू आली का, आजोबा कुणी न सांगता खोकून कफ काढू लागले का, यातलं काहीच टीपीआर चार्टवर नसतं. त्यामुळे तू 'उद्दिष्ट साध्य' असं लिहिलंस, तर कुठल्याही जाणत्या इन्स्ट्रक्टरचा पहिला प्रश्न तिथेच येईल : तुला कसं कळलं? शिवाय तुझी हजेरी त्यांच्याच हातात आहे. आजारपणाचं कारण सांगून मुदत मागायची आणि त्याच तारखांना सेवा दिल्याचं वहीत लिहायचं, म्हणजे तुझंच पत्र तुझ्या वहीला खोटं पाडणार.

म्हणून 12 ते 14 ची ती तीन पानं आजच वहीतून काढ.

आता मुदतीचं. चार दिवस मिळाले तरी त्या दिवसांत पलंगावर कोण असणार आहे? अक्षर सुधारेल, बाकी काही नाही. तुला दिवस कमी पडलेले नाहीत, पेशंट कमी पडलाय. तोच माग. शक्यतो न्यूमोनियाचाच दुसरा पेशंट माग, म्हणजे आजाराची माहिती आणि ड्रग स्टडीचा बराचसा भाग वाया जाणार नाही. औषधं मात्र नव्या पेशंटच्या केस पेपरवरून ताडून घे. हिस्टरी, तपासणी आणि प्लॅन नव्याने करावे लागतील. पोस्टिंग 20 ला संपते, तेव्हा पत्र उद्यावर टाकू नकोस.

असं लिही :

'आदरणीय मॅडम, मेडिकल वॉर्डातील माझ्या केअर स्टडीच्या पेशंटला मी 10 व 11 तारखेला सेवा दिली. 12 ते 14 मी तापाने आजारी होते. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आहे. त्या काळात पेशंटला डिस्चार्ज मिळाल्याने माझ्याकडे इव्हॅल्युएशन नाही. त्याच आजाराचा दुसरा पेशंट घेऊन 17 ते 19 सलग सेवा देण्याची आणि केअर स्टडी 18 ऐवजी 22 तारखेला सादर करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. आजाराची माहिती लिहून झाली आहे. पहिल्या दोन दिवसांच्या नोट्स सोबत दाखवायला आणते.'

बस. 'मी नेहमी वेळेवर देते', 'यापुढे असं होणार नाही' असलं काही घालू नकोस. ताप असताना वॉर्डात गेली नाहीस हे योग्यच केलंस, न्यूमोनियाच्या म्हाताऱ्या माणसाजवळ तर जायचंच नसतं. त्याची माफी कसली मागतेस? पत्र मोबाइलवर पाठवून मोकळी होऊ नकोस, वही घेऊन समोर जा. कडक माणसाला नेमकी तारीख आणि नेमकं काम दिसलं की पुढचे प्रश्न निम्मे होतात. त्यांनी नवा पेशंट नाकारला, तर जुन्याच केसवर दोन दिवसांपुरतं लिही आणि उद्दिष्ट 'अंशतः साध्य' म्हण. तोही मान्य शेरा आहे. दोन गुण जातील, जाऊ देत.

आणि हो, ते चार्टचे फोटो. त्यावर आजोबांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असणार. तुझ्या फोनमधून काढ, मैत्रिणीलाही काढायला लाव.