देणगीतले काम अपुरे राहिले, तर आभारपत्रात तसे लिहावे का?

लिहावे, आणि आभारानंतर लगेचच लिहावे. आमच्या नाशिकच्या मंडळाला पेठ तालुक्यातील एका पाड्यासाठी 40,000 रुपये मिळाले, तेव्हा आम्ही देणगीदार काकूंना असे कळवले: ‘आपल्या देणगीतील 31,000 रुपयांत 5,000 लिटरची टाकी बसली आणि बायकांची विहिरीवरची दुसरी खेप वाचली, परंतु नळासाठी राखलेले 9,000 रुपये खडकात चर खणण्यातच संपल्यामुळे हंडे अजून टाकीखालीच भरावे लागतात.’ सोबत तिथल्याच हंड्यांच्या रांगेचे छायाचित्र जोडले. काम अनेकांच्या पैशांतून झाले असल्यास ‘आपल्यामुळेच झाले’ असे न लिहिता देणगीदाराचा नेमका वाटा सांगावा. शिल्लक रक्कम दुसरीकडे वळवायची असल्यास मात्र आधी त्यांची संमती घ्यावी.