कस्टमरने बिलापेक्षा जास्त पैसे पाठवले, परत करू की पुढच्या बिलात वळते करू?

प्रश्न: बिल २४,७८० चं होतं (२१,००० + १८% जीएसटी), कस्टमरने २७,४८० पाठवले. वरचे परत करू की पुढच्या बिलात लावू?

उत्तर: फरक २,७०० आहे, ९ ने भागला जातो, म्हणजे बहुतेक आकडे उलटसुलट टाईप झालेत, ४ आणि ७ बघा. तरी त्याचं जुनं बिल बाकी नाही ना ते लेजरमध्ये बघून घ्या, आणि पैसे खरंच आलेत का ते बँक स्टेटमेंटमध्येच बघा, नुसत्या एसएमएसवर जाऊ नका कारण "चुकून जास्त गेले, परत करा" ही फसवणुकीची जुनी ट्रिक आहे.

क्रेडिट नोट काढू नका, बिल बरोबरच आहे. टॅलीत रिसीट टाकताना २४,७८० Agst Ref आणि २,७०० On Account.

आता माल विकत असाल आणि पुढची ऑर्डर नक्की असेल तर बिनधास्त वळते करा, मालाच्या ॲडव्हान्सवर साधारणपणे जीएसटी नाही. सर्व्हिस असेल तर पुढच्या कामासाठी ठेवलेले पैसे म्हणजे ॲडव्हान्स, त्यावर पैसे आल्या तारखेलाच टॅक्स लागतो (१,००० पर्यंत जास्त आले तर बिलाची तारीख धरायची सूट आहे, पण तुमचे २,७०० आहेत), त्यामुळे मी तरी सरळ परत करीन, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, दुसरा नंबर दिला तर नाही.

वळते करायचंच तर कस्टमरचं ईमेलवर हो घ्या, आणि पुढचं बिल कमी करू नका हां, बिल पूर्ण रकमेचंच, फक्त येणं २,७०० ने कमी.