श्रेयनामावलीच्या मधला तो दीड-दोन मिनिटांचा प्रसंग

मार्व्हल नव्यानेच बघायला घेतलंस, तर श्रेयनामावली सुरू झाल्यावर उठू नकोस. पण तिथला प्रसंग बघताना ‘आता कोण येणार?’ एवढंच शोधू नकोस. कथेची घड्याळं कुठे जुळतात आणि पुढे उपयोगी पडणारी कोणती वस्तू मागे ठेवली आहे, हे बघ.

‘अँट-मॅन अँड द वास्प’ (2018) घे. मुख्य कथा आनंदात संपते. मग मध्येच प्रसंग येतो: स्कॉट, म्हणजेच अँट-मॅन, अणूहूनही सूक्ष्म अशा क्वांटम विश्वात उतरून कण गोळा करतो, बाहेर त्याचे साथीदार हँक, जॅनेट आणि होप त्याला परत आणायची उलटी मोजणी करत असतात. मोजणी थांबते. बाहेर फक्त राख उडते. म्हणजे ‘इन्फिनिटी वॉर’मधली, अर्धी जीवसृष्टी राख करणारी खलनायक थॅनोसची चुटकी याच क्षणी वाजली. म्हणून तो चित्रपट आधी बघितलेला हवा, नाहीतर राखेचा अर्थच लागणार नाही.

आता नीट ऐक. उतरण्याआधी जॅनेट त्याला कालभोवऱ्यात सापडू नकोस म्हणून बजावते. वाक्य सहज निसटतं, पण ‘एंडगेम’चा (2019) कालप्रवास तिथूनच सुरू होतो. त्याला आत पाठवणारं यंत्र ज्या व्हॅनमध्ये होतं, ती गोदामात पडून असते; तिथे उंदराचा पाय बटणावर पडतो, स्कॉट बाहेर येतो. जगासाठी पाच वर्षं, त्याच्यासाठी पाच तास!

सगळेच धागे असे लवकर जुळत नाहीत. ‘इटर्नल्स’च्या (2021) मधल्या प्रसंगात आलेला इरॉस पुढची कित्येक वर्षं परतलाच नाही. त्यामुळे नुसत्या नव्या चेहऱ्यावर फार भिस्त ठेवू नकोस.