वड्याचं भोक

‘बाबा, आजी म्हणते श्राद्धाच्या उडदाच्या वड्याला भोक पाडायलाच पाहिजे, नाहीतर पितरांना चालत नाही. मी गोल केले तर दोन मिनिटांत लाल झाले, पण सगळे आतून कच्चे निघाले आणि काकू हसली. यात खरंच काही आहे, की आपण नुसतं “असंच असतंय” म्हणून करतो?’

चिमे,

‘असंच असतंय’ जरा लागलं, कारण लहानपणी मलाही हेच उत्तर मिळायचं आणि तुलाही मी तेच देत आलोय. पितरांचं मी काही सांगत नाही. गच्चीवरच्या कावळ्यानं भोकावरून कधी तक्रार केलेली नाही. पण भोक कढईसाठी असतं, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

तू कोल्हापुरात आहेस, तर कटवडा खाल्ला असशीलच. त्यातला बटाटेवडा चांगला गोल असतो, तरी कच्चा निघत नाही. कारण आतला बटाटा आधीच उकडलेला असतो, तळायचं असतं ते फक्त वरचं बेसन. उडदाचा वडा बाहेरून मध्यापर्यंत कच्चंच पीठ असतो. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते आणि पिठातून ती फार सावकाश जाते. चार सेंटीमीटरच्या गोळ्यात तिला मध्यापर्यंत दोन सेंटीमीटर जावं लागतं. त्याच पिठाचं दोन सेंटीमीटर जाडीचं कडं केलंस तर एकच. अंतर अर्धं झालं की वेळ अर्ध्याहूनही कमी लागतो. शिवाय भोकातून तेल वर येतं, म्हणजे मधूनही आच लागते.

तुझे गोळे दोन मिनिटांत लाल झाले म्हणालीस, तिथंच कळलं. आच मोठी होती. तेल खूप तापलेलं असलं की साल लगेच रंगते आणि आपण वडा काढतो. मोडल्यावर बाहेर कुरकुरीत, मग पांढरं, आणि मध्ये बोराएवढा चकचकीत चिकट गोळा, असंच दिसलं असणार. यावर आच अगदी मंद करणं हा उपाय नव्हे. थंड तेलात साल धरायला वेळ लागतो, तोवर पीठ तेल पिऊन बसतं.

तेल 175 ते 180 अंशांवर असावं. तुझा तापमापक इथंच राहिलाय, म्हणून आजीची रीत सांगतो: पिठाचा वाटाण्याएवढा थेंब सोड. तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत सावकाश वर आला तर तेल बरोबर. तळालाच बसला तर थंड, पडताक्षणी वर येऊन लाल झाला तर फार गरम. वडे सोडले की तेल एकदम उतरतं, म्हणून एका वेळी चारच सोड. सोडताना आच मध्यमपेक्षा थोडी मोठी ठेव आणि अर्ध्या मिनिटानं मध्यम कर. तेल दोन इंच तरी खोल हवं, वडा तळाला टेकायला नको.

आता पीठ, कारण निम्मा कच्चेपणा तिथूनच येतो. पाव किलो गोटा उडीद चार तास भिजव, रात्रभर नको. खूप भिजलेल्या डाळीचं पीठ सैल होतं आणि तेलही जास्त धरतं. नीट निथळून मिक्सरमध्ये थांबत-थांबत वाट. पाणी बर्फाचं, एकेक चमचा, एकूण चार-पाच मोठे चमचेच. भांडं तापलं की थांब. आजी पाट्यावर वाटायची तेव्हा हा त्रास नव्हता, पण पाट्यावर वाट असं मी तुला सांगणार नाही, मलाच आता जमत नाही. वाटून झालं की हातानं एकाच दिशेनं पाच मिनिटं फेट. वाटीभर पाण्यात थोडं पीठ टाकलं आणि ते तरंगलं, की झालं. बुडलं तर आत हवा नाही. असा वडा आतून जड आणि चिवट राहतो, मग कितीही तळ. मीठ अगदी शेवटी घाल, आधी घातलं की पीठ सैल पडतं. मिरे भरडून घाल. अख्खा मिरा तेलात फुटू शकतो.

पीठ सैल झालंच, तर तांदळाचं पीठ एक-दोन चमचे घाल आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. त्याहून जास्त घातलंस तर वडे दगड होतात. सैल पिठाचं भोकही टिकत नाही, तेलात गेलं की मिटतं आणि तू पुन्हा गोळ्यावर येतेस.

हात ओला कर, झटक, मोठ्या लिंबाएवढा गोळा बोटांवर घेऊन जरा चपटा कर आणि ओल्या अंगठ्यानं भोक पाड. भोक बोट सहज जाईल एवढं हवं. लहान वाटलं तर ते लहानच आहे, कारण वडा फुगला की ते आणखी आकसतं. हात जमेपर्यंत केळीच्या पानाचा तुकडा ओला करून त्यावर थाप. तेलाच्या अगदी जवळ नेऊन कडेनं सरकव, वरून टाकू नकोस. पहिलं अर्धं मिनिट झाऱ्या लावू नकोस, साल धरलेली नसते, वडा फाटतो. मग उलटत-पालटत एकूण पाच-सहा मिनिटं.

श्राद्धाच्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, आणि आपल्याकडे वडा मोडूनही बघायचा नाही. लहानपणी मला हे फार जाचाचं वाटायचं, आजही पूर्ण पटतं असं नाही. पण त्यामुळं आजी न मोडता ओळखायला शिकली. वडा तेलात पडला की भोवती बुडबुड्यांची गर्दी होते आणि चरचर मोठी असते, कारण आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. शिजत आला की बुडबुडे विरळ होतात, आवाज बारीक होतो आणि झाऱ्यावर वडा हलका लागतो. रंगावर जाऊ नकोस, आवाजावर जा. तुझ्या गोळ्यांच्या वेळी तेल अजून जोरात चरचरत होतं का, आठवून बघ.

एरवीच्या दिवशी पहिल्या घाण्यातला एक खुशाल मोड. आत पांढरी, कोरडी जाळी हवी. चकाकत असेल तर पुढचा घाणा मिनिटभर जास्त ठेव आणि कडं बारीक कर.

कच्चे निघालेले गोळे उरले असतील तर टाकू नकोस. अर्धे काप आणि कापलेली बाजू खाली ठेवून तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर शिजव. दिसायला काही खास नाही, पण आमटीत बुडवले की कुणाला कळत नाही. काकू हसली म्हणालीस ना, तिला हेच वाढ.

तुला पटलं नाही तर गोलच कर, फक्त सुपारीएवढे. तेही आतपर्यंत शिजतात. आजीला मात्र ते दाखवताना मला फोन लाव, मला तिचं तोंड बघायचंय.

— बाबा