वर्ष उलटलं तरी एक्झिट लोड, आणि पैसे पंधरा दिवसांनी

प्रश्न: वकीलसाहेब, एका इक्विटी फंडात मार्च २०२४ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला दहा हजारांची एसआयपी होती. लेकीच्या फीसाठी १४ ऑगस्ट २०२५ ला, गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅपवरून सगळी ३,६०० युनिट विकली. पैसे आले २९ ऑगस्टला, १,८७,४०१ रुपये. वर्ष होऊन गेलं तरी बाराशेच्या वर एक्झिट लोड कापलाय. भावही गुरुवारचा न लावता सोमवारचा लावलाय. फीला उशीर झाला म्हणून कॉलेजने दोन हजार दंड घेतला. माझी बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण खातं चालू आहे. फंडाकडून काय वसूल करता येईल? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, तुम्ही स्टेटमेंट सोबत जोडलंत हे फार बरं केलंत. त्यावरून सांगतो की तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन टिकणार नाहीत. तिसरी टिकेल की नाही, हे एका नंबरावर ठरेल. तो नंबर अजून तुमच्या हाती नाही.

आधी भावाचं. इक्विटी फंडात विक्रीची विनंती कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फंडाकडे पोचली तर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, मिळते. तीननंतर पोचली तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. तुम्ही दहा मिनिटं चुकलात आणि पुढचा दिवस होता शुक्रवार, १५ ऑगस्ट. मग शनिवार, रविवार. म्हणून तुमची विक्री कायद्याच्या दृष्टीने सोमवारी, १८ तारखेला झाली. अ‍ॅपवर बटण दाबताना जी रक्कम दिसते ती आदल्या दिवशीच्या एनएव्हीवरची असते, तो काही सौदा नव्हे. तुमच्या स्क्रीनवर ५१.९० चा भाव होता आणि प्रत्यक्षात ५२.४० लागला. म्हणजे स्क्रीनवरच्या भावापेक्षा तुम्हाला जास्तच मिळालंय. बाजार उलटा गेला असता तरी नियम हाच राहिला असता.

आता एक्झिट लोड, म्हणजे मुदतीआधी विकल्याबद्दलची कपात. इथे जवळजवळ प्रत्येकाची गफलत होते. "मार्च २०२४ पासून गुंतवतोय, म्हणजे वर्ष झालं" असं आपण म्हणतो, पण वर्ष एसआयपीचं मोजत नाहीत, हप्त्याचं मोजतात. प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि तिचं घड्याळ त्या युनिटच्या वाटपाच्या तारखेपासून सुरू होतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला शनिवार होता, त्यामुळे त्या हप्त्याची युनिट ७ तारखेला मिळालेली तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसतील. मोजणी तिथूनच.

तुमचे एकूण अठरा हप्ते. मार्च ते ऑगस्ट २०२४ या सहा हप्त्यांची १,२४० युनिट १८ ऑगस्ट २०२५ रोजी वर्षापलीकडे गेली होती. त्यांच्यावर काही नाही. सप्टेंबर २०२४ पासूनच्या बारा हप्त्यांची २,३६० युनिट मात्र वर्षाच्या आतली. तुमच्या योजनेत वर्षाच्या आत विकल्यास एक टक्का लोड आहे आणि तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण किमतीवर लागतो. २,३६० गुणिले ५२.४० म्हणजे १,२३,६६४ रुपये. त्याचा एक टक्का १,२३६ रुपये ६४ पैसे. सगळ्या ३,६०० युनिटची किंमत १,८८,६४० होते. त्यातून लोड आणि दोनेक रुपयांचा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स गेला की उरतात १,८७,४०१. हिशोब तंतोतंत जुळतो. निवासी भारतीयाच्या विक्रीतून फंड आयकर कापत नाही, म्हणून त्याची ओळ स्टेटमेंटमध्ये नाही. भांडवली नफ्याचा कर तुम्हाला विवरणपत्रात स्वतः दाखवायचा आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. लोडचा दर विक्रीच्या दिवशीचा लागत नाही, ते युनिट घेतलं त्या वेळी जो दर होता तोच लागतो. मधे दर बदलला असेल तर जुन्या हप्त्यांना नवा, वाढीव दर लावता येत नाही. आणि हा पैसा कंपनीच्या खिशात जात नाही, योजनेतच परत जमा होतो. राहिलेल्या गुंतवणूकदारांना मिळतो म्हणा ना. (फीला तेव्हा पासष्ट हजार पुरले असते तर फक्त १,२४० युनिट विकायची होती. जी आधी घेतली ती आधी विकली असं धरतात, त्यामुळे एक पैसाही लोड लागला नसता.)

आता खरी लढाई. नोव्हेंबर २०२२ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार विक्रीचे पैसे तीन कामकाजाच्या दिवसांत पाठवावे लागतात. १३ जानेवारी २०२३ पासून हे लागू आहे, त्याआधी मुदत दहा दिवसांची होती. तुमची विक्री १८ ची, म्हणून १९, २०, २१ मोजा. शेवटचा दिवस गुरुवार, २१ ऑगस्ट. तुम्ही १४ पासून मोजता आहात, ते चुकतंय. मुदत टळली तर जितके दिवस उशीर तितक्या दिवसांचं व्याज वार्षिक १५ टक्क्यांनी फंड कंपनीने द्यायचं असतं. तेही मागायची वाट न पाहता, रकमेसोबत. २२ ते २९ ऑगस्ट हे आठ दिवस धरले तर तुमचं व्याज सुमारे ६१६ रुपये होईल.

पण कंपनीने पैसे कधी पाठवले आणि तुमच्या खात्यात कधी दिसले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँका विलीन झाल्या की आयएफएससी बदलतो. खातं चालू असतं, चेकबुक नवं येतं, फंडाच्या फोलिओत मात्र जुनाच कोड पडून राहतो. पैसे निघतात, बँक ते परत करते, फंडाच्या नोंदी सांभाळणारा रजिस्ट्रार पुन्हा तुमचे तपशील मागवतो आणि आठवडा जातो. तसं घडलं असेल तर कंपनीने मुदतीत पाठवलं होतं असं उत्तर येईल आणि व्याजाचा दावा टिकवणं अवघड जाईल.

म्हणून आज एकच काम करा. फंडाच्या तक्रार विभागाला ईमेल पाठवून फोलिओ नंबर द्या आणि पहिल्यांदा पैसे पाठवले त्याचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा ओळख नंबर, व तारीख मागा. यूटीआर २१ ऑगस्ट किंवा त्याआधीचा असेल तर बँकेकडून ते पैसे परत गेल्याची खातरजमा करा आणि नवा आयएफएससी रद्द केलेल्या चेकसह नोंदवून विषय सोडा. पहिलाच यूटीआर २१ नंतरचा असेल तर व्याज लेखी मागा. नाही म्हटलं तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर, scores.sebi.gov.in वर, तक्रार करा, कंपनीला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानेही समाधान झालं नाही तर ऑनलाइन तंटा सोडवणारं smartodr.in आहेच. स्कोअर्सवर तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते, एवढं ध्यानात ठेवा.

दोन हजारांच्या दंडाबद्दल स्पष्टच बोलतो. उशिराची भरपाई नियमाने व्याजात बांधून टाकली आहे. कॉलेजचा दंड फंडाकडून घ्यायचा तर ग्राहक आयोगात जावं लागेल आणि तिथे तुमच्या फीची मुदत कंपनीला आधीपासून माहीत होती हे दाखवता येणार नाही. माझी फीसुद्धा त्या दोन हजारांपेक्षा जास्त होईल, तेव्हा ती केस मी घेणार नाही.