चौदा स्किल्सची जाहिरात आणि पोराचा अडलेला अर्ज

"मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ६८ टक्के. जावा आणि एसक्यूएल बरं येतं. पुण्यातल्या एका कंपनीची फ्रेशरची जाहिरात सोबत पाठवतोय. चौदा गोष्टी मागितल्यात, त्याला चारच येतात. मी सांगितलंय, सगळं शिकल्याशिवाय अर्ज करायचा नाही. एक क्लासवाले हे सगळं सहा महिन्यांत ९० हजारांत शिकवतात. पैसे भरू का?" – एक पालक, सांगली

नमस्कार. पैसे भरू नका. आणि आधी ती अर्जाची बंदी उठवा, कारण पत्र वाचून मला टक्क्यांपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटली. पदवी झालेला मुलगा अर्ज करायला वडिलांच्या परवानगीची वाट बघतोय. अहो, नकार द्यायचाच असेल तर कंपनी देईल की, ते काम तुम्ही कशाला अंगावर घेताय?



ती यादी तुम्ही सिलॅबससारखी वाचताय, म्हणजे चौदापैकी चार आले म्हणजे नापास. ती तशी बनतच नाही. बऱ्याच ठिकाणी एचआर जुनी जाहिरात काढतं, टीम लीड दोन नावं वाढवतो, साहेबांना पुढच्या वर्षी जे करायचंय तेही त्यात जातं, आणि खोडत कुणीच काही नाही. फास्टएपीआय हे पायथनचं फ्रेमवर्क २०१८च्या शेवटी आलं. ते बनवणाऱ्या सेबॅस्टियन रामिरेझ यांनी २०२० मध्ये ट्विट केलं होतं की एका जाहिरातीत याचा चार वर्षांचा अनुभव मागितलाय, मला अर्ज करता येत नाही, कारण मलाच ते बनवून दीड वर्ष झालंय. आता बोला.

मागे एका छोट्या कंपनीची अशीच जाहिरात आम्ही टीम लीडला समोर बसवून नव्याने लिहिली होती. मूळ मजकूर असा: "डायनॅमिक रॉकस्टार फुल स्टॅक डेव्हलपर, जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, कुबरनेटिस, मशीन लर्निंग, फास्ट पेस्ड वातावरण." मी एकच गोष्ट धरून बसलो, की मागच्या वेळी जो फ्रेशर घेतला तो गेल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार काय करत होता ते सांगा. मग हळूहळू खरं बाहेर यायला लागलं. अँग्युलर म्हणजे दोन जुन्या स्क्रीन, त्याही काढूनच टाकायच्या होत्या. सर्व्हर एकच माणूस बघतो आणि अनेक सर्व्हर सांभाळायला लागतं ते कुबरनेटिस तिथे नव्हतंच. मशीन लर्निंग साहेब कुठल्यातरी सेमिनारला ऐकून आले होते. फास्ट पेस्ड म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिलिंग असतं तेव्हा रात्रीचे नऊ वाजतात, बाकी सहाला घरी.

नवीन जाहिरात अशी झाली: "आम्ही ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. टीम सहा जणांची, त्यात दोन सीनियर. पहिले तीन महिने तुम्ही ग्राहकांच्या तक्रारी बघाल: बिल चुकलं तर एसक्यूएल क्वेरी लिहून कुठे चुकलं ते शोधायचं, मग जावामध्ये दुरुस्ती करायची. तुमचा कोड सीनियर तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उशीर होतो. जावा आणि एसक्यूएल यायलाच हवं. रिअ‍ॅक्ट आम्ही शिकवू." पगाराचा आकडा टाका म्हणून मी बराच भांडलो, साहेब ऐकले नाहीत, तेवढं राहिलंच. अर्ज आधीपेक्षा कमी आले, पण आलेल्यांनी कामाबद्दल लिहिलं होतं, नुसती स्किल्सची माळ नव्हती, त्यामुळे टीम लीडला वाचायला तरी काहीतरी मिळालं.

आता तुमची जाहिरात. रिअ‍ॅक्ट आणि अँग्युलर दोन्ही मागितलंय, दोन्ही स्क्रीन बनवायचीच साधनं, एका टीमला रोज सहसा दोन्ही लागत नाही, म्हणजे एक जुनं किंवा नुसतं हौसेचं. ज्या नावापुढे काम लिहिलेलं नाही ते सध्या बाजूला ठेवा. कामाचं वाक्य अख्ख्या जाहिरातीत एकच आहे, "मेंटेन एक्झिस्टिंग जावा अ‍ॅप्लिकेशन्स अँड डेटाबेस क्वेरीज", आणि ते खाली कोपऱ्यात आहे. म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळायचं, आणि तुमच्या मुलाला येतं ते नेमकं हेच. त्याला म्हणावं कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कुठली चूक कशी शोधली ते अर्जात चार ओळींत लिही आणि आजच पाठव. माझा अंदाज चुकूही शकतो, कारण एवढ्या मोघम जाहिरातीवरून पक्कं कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून इंटरव्ह्यूला बोलावलं तर त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: पहिले तीन महिने रोज काय करायचं, आणि माझा कोड कोण तपासणार. उत्तरात माणसाचं किंवा कामाचं नाव आलं तर बरं. "आमच्याकडे सगळ्यांना सगळंच करावं लागतं" असं आलं तर शिकवणारं बहुतेक कुणी नाही असं समजा. आणि ट्रेनिंगचं डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत या.